बॅकअप कोड फाडून टाका म्हणे!

"सावधान! टू-स्टेप व्हेरिफिकेशनचे बॅकअप कोड म्हणजे हॅकरला उघडं दार. काढले नसतील तर काढू नका, काढले असतील तर आजच फाडून टाका. फोन हरवला तर त्याच नंबरचं नवीन सिम घ्या, ओटीपी येतोच. नवीन फोनमध्ये ऑथेंटिकेटर अ‍ॅप टाकलं की कोड आपोआप परत येतात. आणि काहीच नाही जमलं तर कंपनीला ओळखपत्र पाठवा, अकाउंट उघडून देतात. सर्वांना पाठवा."

हे माझ्या मामीला शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आलं आणि तिने मला फोन करून विचारलं, "अगं, तू तो आकड्यांचा कागद दिला होतास ना, तो फाडू का?" नशीब, आधी विचारलं. पण त्या ग्रुपवरच्या बाकीच्यांनी कोणाला विचारलं असेल असं वाटत नाही, म्हणून लिहितेय. कागद फाडायचा सल्ला सगळ्यात घातक आहे, म्हणून त्यावरच जास्त बोलते.

बॅकअप कोड हे पासवर्डच्या जागी चालत नाहीत, पासवर्ड बरोबर टाकल्यावर जी दुसरी पायरी येते तिथे चालतात. म्हणजे तुमच्या कपाटातला कागद कोणाला सापडला तरी त्याला अकाउंट कुठलं ते माहीत हवं आणि पासवर्डही हवा, नुसत्या कागदाने काही उघडत नाही. गूगल एका वेळी 10 कोड देतं, प्रत्येक 8 आकड्यांचा, आणि एक कोड एकदाच चालतो, वापरला की मेला. आता कोणी म्हणेल आकडेच आहेत, अंदाजाने मारेल कोणी. 8 आकड्यांच्या 10 कोटी शक्यता होतात आणि काही चुकीच्या प्रयत्नांनंतर पुढचे प्रयत्न अडवले जातात, त्यामुळे तो धोका सोडून द्या.

हे माझं घरगुती मत नाहीये. अमेरिकेची मानकं ठरवणारी सरकारी संस्था आहे, एनआयएसटी, तिची ओळख पडताळणीबद्दलची मार्गदर्शिका आहे, NIST SP 800-63B नावाची. जगभरातले सिक्युरिटीवाले तिचा आधार घेतात. तिच्या 2017 च्या आवृत्तीत अशा छापील कोडांना रीतसर मान्य साधनांमध्ये जागा दिलीये, असा कोड एकदाच वापरता यावा अशी अट घातलीये, आणि याचा नेहमीचा उपयोग म्हणून काय लिहिलंय, तर दुसरं साधन हरवलं किंवा बिघडलं तर वापरायला माणसाने जपून ठेवलेला कोड. म्हणजे मेसेज ज्याला उघडं दार म्हणतोय ते तज्ज्ञांनी मुद्दाम, मोजून-मापून ठेवलेलं आहे. आणि गंमत बघा, नाही, गंमत नाहीच, संताप येतो, की त्याच मार्गदर्शिकेत एसएमएसच्या ओटीपीला "मर्यादित" प्रकारात टाकलंय, म्हणजे वापरा पण यात धोका आहे हे धरून चाला. मेसेज नेमका उलटा चाललाय, मजबूत गोष्ट फाडा आणि कच्च्या गोष्टीवर सगळं टाका.

बरं, एक गोष्ट मान्य करते, मनाविरुद्ध का होईना. कोडवरून फसवणूक होते हे खरं आहे. कोणीतरी फोन करतं, "तुमचं अकाउंट बंद पडतंय, पडताळणीसाठी बॅकअप कोड वाचून दाखवा", आणि त्याच्याकडे तुमचा पासवर्ड आधीच कुठूनतरी आलेला असतो. तेव्हा कोड कोणालाही वाचून दाखवायचा नाही, स्वतःला कंपनीचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. पासवर्ड त्याच कागदावर लिहायचा नाही. आणि डाउनलोड केल्यावर Backup-codes- ने सुरू होणारी जी फाइल तयार होते ती डाउनलोड्समध्ये तशीच पडू द्यायची नाही, छापून झालं की काढून टाकायची. पण यातून फाडून टाका कसं निघतं? कागद गहाळ झाल्याची शंका जरी आली तरी अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये 2-Step Verification खाली Backup codes मध्ये जाऊन नवीन संच काढायचा, त्या क्षणी जुने सगळे कोड रद्द होतात. मिनिटाचं काम आहे.

आता कागद नसला तर काय होतं ते बघा. माझ्या मामेभावाचा फोन प्रवासात गेला. त्याच्याकडे टू-स्टेपच्या तीन पद्धती चालू होत्या, फोनवर येणारी "हो, मीच आहे" वाली सूचना, लॉगिनसाठी सतत बदलणारा आकडा दाखवणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप आणि एसएमएस, त्यामुळे तो निश्चिंत होता. पण सूचना त्याच फोनवर येते, ऑथेंटिकेटर त्याच फोनमध्ये, सिम पण त्याच फोनमध्ये! तीन दिसतात पण वस्तू एकच, ती गेली की तिन्ही गेल्या. इथेच बहुतेक लोक फसतात, कारण सेटिंगमध्ये यादी लांब दिसते आणि वाटतं की बॅकअप आहे.

त्याने मित्राचा लॅपटॉप घेतला, खासगी विंडो उघडली, पासवर्ड टाकला. स्क्रीन म्हणाली फोन बघा. तिथे Try another way दाबलं की पर्यायांची यादी येते, त्यात Enter one of your 8-digit backup codes असतं. घरी फोन लावला, मामीने कागदावरचा पहिला कोड वाचला आणि तो आत. (घरच्या माणसाला आपणहून फोन लावून वाचून घेणं वेगळं आणि समोरून आलेल्या फोनवर वाचून दाखवणं वेगळं, हे मामीला आधीच सांगितलेलं होतं.) "या डिव्हाइसवर पुन्हा विचारू नका" वाली खूण मात्र काढायला लावली, लॅपटॉप दुसऱ्याचा होता.

पुढचा क्रम महत्त्वाचा आहे आणि तो लोक हमखास चुकतात. घाईघाईत आधी हरवलेला फोन अकाउंटमधून साइन आउट करतात आणि मग तो शोधायला जातात. साइन आउट केला की तो शोधायच्या यादीतून जातो, मग ना जागा कळत ना लांबून लॉक करता येत. म्हणून आधी फोन शोधायच्या पानावर जाऊन लॉक करायचा, पुसायचा असेल तर पुसायचा, मोबाईल कंपनीकडून सिम बंद करून घ्यायचं, आणि मग Your devices मधून तो फोन काढायचा. शेवटी नवीन फोन आल्यावर ऑथेंटिकेटर नव्याने जोडायचा, म्हणजे जुन्या फोनमध्ये तयार होणारे आकडे निकामी होतात. कागदावरचा वापरलेला कोड खोडायचा, उरलेले नऊ चालतात. पण त्या कोडांचा फोटो हरवलेल्या फोनमध्ये असेल तर मात्र संच बदलायचाच.

आणि हे लक्षात घ्या की फोन शोधायच्या पानावर जायलाच आधी लॉगिन लागतं, आणि नवीन लॅपटॉपवरून लॉगिन म्हटलं की दुसरी पायरी आलीच. गूगलची मदतपानंही सांगतात की टू-स्टेप चालू असेल तर बॅकअप फोन किंवा बॅकअप कोड आधीच तयार ठेवा. कागद फाडला असता तर हरवलेला फोन लॉक करण्यापासूनच अडलं असतं सगळं.

सिमबद्दल. त्याच नंबरचं सिम मिळतं आणि त्यावर ओटीपी येतो, हे अर्धं खरं. पण ते मिळेपर्यंत वेळ जातो, तुम्ही देशाबाहेर असाल तर आणखीनच, आणि ते सुरू होईपर्यंत हरवलेला फोन कोणाच्या हातात आहे देव जाणे. शिवाय तुम्हाला ज्या वाटेने त्याच नंबरचं नवं सिम मिळतं, त्याच वाटेने तुमच्या नावाने खोटी कागदपत्रं दाखवणाऱ्यालाही मिळू शकतं, सिम स्वॅप म्हणतात तो प्रकार हाच. एसएमएस बंद करा असं मी म्हणत नाहीये, असू दे, पण त्याच्याच भरवशावर राहू नका.

ऑथेंटिकेटरचं "आपोआप" हे तर कुठून काढलं कळत नाही. सुरुवातीला जो क्यूआर स्कॅन करता त्यात एक गुप्त किल्ली असते, अ‍ॅप ती किल्ली आणि घड्याळातली वेळ मिळून साधारण दर 30 सेकंदांनी नवा आकडा काढतं. ती किल्ली फोनमध्ये साठवलेली असते. अ‍ॅप नव्या फोनवर टाकलं म्हणजे किल्ली आली असं होत नाही, अ‍ॅप रिकामं उघडतं. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये एप्रिल 2023 पासून अकाउंटला सिंक करायची सोय आहे खरी, पण अ‍ॅपमध्ये साइन इन केलेलं असेल तरच. आणि तेव्हाही एक फास आहे, नव्या फोनवर गूगल अकाउंट उघडायला जो आकडा लागतो तो सिंक झालेल्या ऑथेंटिकेटरमध्येच आहे, आणि तो ऑथेंटिकेटर उघडायला आधी गूगल अकाउंट हवं. कपाटाची किल्ली कपाटातच. ही गाठ सुटते ती कागदावरच्या कोडने. कोडांची फाइल त्याच अकाउंटच्या ड्राइव्हमध्ये किंवा मेलमध्ये ठेवणारे पण याच फासात अडकतात.

फोन हरवला नसेल, नुसता बदलत असाल, तर सोपं आहे. जुन्या फोनवर अ‍ॅपमध्ये Transfer accounts, मग Export accounts, जो क्यूआर येतो तो नव्या फोनने स्कॅन करा. मग नव्या फोनवरचा आकडा वापरून प्रत्येक अकाउंटमध्ये एकदा खरोखर लॉगिन करून बघा, आणि त्यानंतरच जुना फोन पुसा किंवा विका. लोक आधी एक्सचेंजला देऊन मोकळे होतात आणि मग शोधाशोध.

राहिलं कंपनीला ओळखपत्र पाठवणं. प्रोग्रामर मंडळी आपलं काम जिथे साठवतात त्या गिटहब या साइटचं उदाहरण घ्या, ते 16 रिकव्हरी कोड देतात आणि स्पष्ट लिहितात की टू-स्टेपची साधनं आणि कोड दोन्ही गेले तर आमचा सपोर्ट अकाउंट परत देऊ शकणार नाही. ओळखपत्र बघून उघडायला लागले तर खोटं ओळखपत्र घेऊन येणाऱ्यालाही उघडून द्यावं लागेल, मग टू-स्टेपला अर्थ काय राहिला? गूगलकडे रिकव्हरीची प्रक्रिया आहे, पण ती तुम्ही नेहमीच्या डिव्हाइसवरून, नेहमीच्या जागेवरून प्रयत्न केला तर जमायची शक्यता जास्त असते, आणि फोन हरवला त्या दिवशी नेमकं तेच हाताशी नसतं. शिवाय प्रत्येक सेवेचे कोड वेगळे, गूगलचा कागद गिटहबला चालत नाही, तेव्हा ज्या-ज्या अकाउंटला टू-स्टेप लावलंय त्या प्रत्येकाचे कोड वेगळे काढून, वर फक्त सेवेचं नाव लिहून, एक प्रत घरी आणि एक विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.