कानाचा आठवड्याचा कोटा

आज परिपाठात मला पाच मिनिटं दिली होती. विषय होता इअरफोन आणि मोठ्या आवाजातली गाणी. "इअरफोन वापरू नका" असं मी मुलांना सांगितलं नाही. ते कुणी ऐकत नाही, आणि माझ्या मते ते सांगणं बरोबरही नाही. कानाला इजा होते ती आवाज किती मोठा आहे आणि तो किती वेळ ऐकला यावरून. म्हणून मी त्यांना हिशोब सांगितला. पालकांनाही तो माहीत असावा म्हणून इथे लिहिते आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार मुलांसाठी आठवड्याचा कोटा आहे ७५ डेसिबलला ४० तास. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्यातली ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५, ८७ ला अडीच आणि ९० ला फक्त सव्वा तास. घात इथेच होतो. ३ डेसिबलची वाढ कानाला जेमतेम जाणवते. बटण दोनचार वेळा दाबलं तर "थोडंसंच वाढवलंय" असं वाटतं, आणि तेवढ्यात कोटा कितीतरी पटींनी आटलेला असतो.

मुलांना मी एक उदाहरण सोडवून दाखवलं. समजा एक मुलगी शाळेत येता-जाता रोज एक तास बसमध्ये गाणी ऐकते. घरी शांत खोलीत तिला ७० डेसिबल पुरतात. बसमध्ये इंजिन आणि हॉर्नच्या गोंगाटात तेच गाणं ऐकू येत नाही, म्हणून ती आवाज ९० वर नेते. सोमवारी एक तास झाला. मंगळवारी सकाळी शाळेत पोहोचेपर्यंत तिचा आख्ख्या आठवड्याचा कोटा संपला! घरी त्याच गाण्यांना तिने रोज तीन तास दिले असते तरी काही बिघडलं नसतं. दोष गाण्यांचा नाही, बाहेरच्या गोंगाटावर मात करायला वाढवलेल्या आवाजाचा आहे. म्हणून गोंगाटात ऐकायचंच असेल, तर कानात नीट बसणारे, बाहेरचा आवाज अडवणारे इअरफोन घ्या आणि आवाज कमी ठेवा. फक्त रस्त्यावरून चालताना ते काढा, कारण तेव्हा हॉर्न ऐकू यायलाच हवा.

मग एका मुलाने विचारलं, "मॅडम, पण कान खराब झालाय हे कळतं कसं?" प्रश्न फार चांगला होता. कारण दुखत नाही. मोठ्या आवाजातून बाहेर आल्यावर कानात शिटी वाजते, कापूस घातल्यासारखं वाटतं आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत होतं. आपल्याला वाटतं, झालं बरं. खरं तर ती कानाने दिलेली सूचना असते. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या जेमतेम पंधरा हजार केसपेशी असतात. त्या थकतात, सावरतात, पण वारंवार तसंच झालं तर मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला फटका साधारण ३००० ते ६००० हर्ट्झच्या उंच सुरांना बसतो. स, फ, थ, ख यांसारखी व्यंजनं ओळखायला हेच उंच सूर लागतात, स्वर मात्र खालच्या पट्टीत असतात. त्यामुळे अशा मुलाला बोलणं ऐकू येतं, पण तास, खास की फास हे कळत नाही. विशेषतः वर्गात गडबड असताना. मग आम्ही शिक्षक म्हणतो, लक्ष नाही. हे मला मनापासून खुपतं.

पालकांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगते. मुलांच्या हेडफोनवर "कमाल ८५ डेसिबल" असं छापलेलं असतं आणि आपण निश्चिंत होतो. वरच्या हिशोबाने ८५ ला आठवड्याचे जेमतेम चार तास मिळतात, दिवसाचे नाहीत. त्यापेक्षा फोनच्या सेटिंगमध्ये इअरफोनच्या आवाजाची मर्यादा घालता येते का ते बघा. काही फोन डेसिबलही दाखवतात. टक्क्यांवर विसंबू नका, कारण एका फोनचे साठ टक्के दुसऱ्याच्या साठ टक्क्यांइतके नसतात.

आणि मूल "काय?" असं वारंवार विचारत असेल किंवा शिटी दुसऱ्या दिवशीही थांबली नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर मात्र त्याच दिवशी जा. नेहमीच्या तपासणीआधी आदल्या दिवसापासून मोठा आवाज टाळा, नाहीतर तात्पुरता बधिरपणाही तपासणीच्या आलेखात दिसतो. ३०००, ४००० आणि ६००० हर्ट्झवरही तपासायला सांगा. आलेखात ४००० च्या आसपास खड्डा पडून ८००० ला रेघ पुन्हा वर येत असेल, तर मूल किती आवाजात आणि किती वेळ ऐकतं, हे डॉक्टरांना नक्की सांगा.