पृथ्वीच्या पोटात पट्टी-चुंबक नाही म्हणजे नाही (एका प्रतिक्रियेला उत्तर)

प्रतिक्रिया अशी होती: "लेख वाचला, पण पटला नाही. गाभा लोखंडाचा आहे हे तुम्हीच लिहिता आणि पुढं म्हणता आत चुंबक नाही, मग सुई उत्तरेला ओढली जाते ती कशामुळं? साधी गोष्ट उगाच अवघड करून सांगायची सवय लागलीय लोकांना. आणि पन्हाळ्यावर माझं होकायंत्र तटाजवळ एक दिशा दाखवत होतं आणि वीस पावलं पुढं गेल्यावर दुसरीच, ते काय मग? पृथ्वीचं चुंबक वीस पावलांत बदलतं का?"

दादा, पन्हाळ्याचा मुद्दा भारी काढलाय तुम्ही, त्याच्यावर शेवटी येतो, कारण त्याचं उत्तर गाभ्यात नाहीच, तुमच्या पायाखालच्या दगडात आहे. आधी लोखंडाचं बघू.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या एखाद्या लोहाराला विचारून बघा, छिन्नीला पाणी द्यायचं असलं की तापलेला तुकडा मॅग्नेटला लावून बघतात, चिकटायचा बंद झाला की समजायचं माल पुरेसा तापला. लोखंड साधारण ७७० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्याचं चुंबकत्व जातं, कारण आतल्या अणूंची एका दिशेला लागलेली रांग उष्णतेनं मोडते. आता पृथ्वीत खाली जाल तसं तापमान वाढत जातं आणि काही दहा किलोमीटर खोलीवरच ही मर्यादा ओलांडली जाते. गाभा सुरू होतो सुमारे २,९०० किलोमीटरवर आणि तिथं चार-पाच हजार अंशांच्या घरात काम आहे. म्हणजे लोखंड भरपूर आहे, मान्य, पण ते चुंबक होऊन बसूच शकत नाही. शाळेच्या पुस्तकातली ती आडवी-तिरकी पट्टी फक्त चित्रासाठी, बाहेरून क्षेत्र कसं दिसतं ते दाखवायला.

मग क्षेत्र येतं कुठनं? विजेतून. तारेतून वीज वाहिली की आजूबाजूला चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि हे काय फक्त प्रयोगशाळेपुरतं नाही बरं का, मुंबईच्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली ती याच कारणानं, शहरात विजेच्या ट्राम येणार होत्या आणि त्यांच्या करंटनं मोजमापं बिघडली असती. पृथ्वीच्या बाह्य गाभ्यात, म्हणजे २,९०० ते सुमारे ५,१५० किलोमीटर खोलीच्या मधे, लोखंड वितळलेलं आहे, पातळ आहे, वाहतंय, आणि विजेचं उत्तम वाहक आहे. वाहक चुंबकीय क्षेत्रातून हलला की त्याच्यात वीज तयार होते आणि त्या विजेचं परत स्वतःचं क्षेत्र तयार होतं. इथं तुम्ही म्हणाल की पहिलं क्षेत्र कुठनं आणलं, कोंबडी आधी का अंडं आधी. तर सुरुवातीला अगदी नगण्य क्षेत्र पुरतं, सूर्याकडून आलेलं वगैरे, प्रवाह पुरेसा जोरकस असला की ते आपोआप वाढत जातं. धरणाखालच्या वीजघरातलं मोठं जनित्रही बघा, त्यात कायमचं चुंबक नसतं, रोटरच्या वेटोळ्यात वीज सोडून चुंबक बनवतात, आणि कित्येक मशीनांत तर ती वीज त्याच मशीननं बनवलेली असते. ते चालवायला वरून पाणी लागतं, इथं काय लागतं? उष्णता. गाभा हळूहळू थंड होतोय, अगदी मधला घन गोळा गोठत गोठत वाढतोय आणि गोठताना हलकी मूलद्रव्यं बाहेरच्या द्रवात सुटून वर चढतात, त्यानं ढवळाढवळ चालू राहते. ही ढवळ बंद पडली तर काही हजार ते काही दहा हजार वर्षांत क्षेत्र विरून जाईल.

आणि उत्तरच का, पूर्व का नाही? कारण पृथ्वी फिरते. फिरण्यामुळं वितळलेल्या लोखंडाचे प्रवाह सरळ वर-खाली न जाता वळतात आणि अक्षाला साधारण समांतर अशा पिळदार खांबांसारखे लागतात, म्हणून एकूण क्षेत्रही अक्षाच्या जवळपास येतं. जवळपास म्हणतोय, तंतोतंत नाही, आज सुमारे १० अंशांचा फरक आहे. आणि ते हलतंही, १८३१ साली ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स क्लार्क रॉसनं उत्तर चुंबकीय ध्रुव कॅनडाच्या बेटांकडं गाठला होता, आज तो सैबेरियाच्या बाजूला सरकलाय. आत घट्ट पट्टी ठेवलेली असती तर एवढी पळापळ झाली नसती.

आता "ओढली जाते" या शब्दावर माझी खरी हरकत आहे, कारण सुई ओढली जातच नाही, फिरवली जाते. घरी करून बघा: प्लॅस्टिकच्या टबात पाणी घ्या, शिवणाची सुई मॅग्नेटवर एकाच दिशेनं घासून थर्माकोलच्या चकतीवर ठेवा. चकती वळेल, उत्तर-दक्षिण होऊन थांबेल, पण उत्तरेच्या काठाला जाऊन लागणार नाही. मॅग्नेट जवळ धरलात तर मात्र टबभर पळेल. कारण मॅग्नेटजवळ सुईच्या दोन टोकांवरचं क्षेत्र वेगवेगळ्या जोराचं असतं, पृथ्वीचं मात्र सुईच्या लांबीत दोन्हीकडं सारखंच, त्यामुळं एक टोक जेवढं उत्तरेला ढकललं जातं तेवढंच दुसरं दक्षिणेला, हालचाल शून्य, फक्त वळण उरतं. रॉबर्ट नॉर्मन नावाच्या इंग्रज होकायंत्र कारागिरानं हे १५८१ मध्येच नोंदवून ठेवलंय. म्हणजे सुईला हजारो किलोमीटरवरच्या ध्रुवाचं काही घेणंदेणं नाही, ती जिथं आहे तिथलं क्षेत्र ज्या दिशेला, त्या दिशेला ती. आणि ते क्षेत्र आडवं पण नसतं, आपल्या कोल्हापुरात ते उत्तरेला जाता जाता वीसेक अंश जमिनीत घुसतं. युरोपात ही उतरण साठ-सत्तर अंश आहे, म्हणून तिकडच्यासाठी वजन साधलेलं होकायंत्र इकडं आणलं की दक्षिण टोक खाली झुकून काचेला घासतं आणि माणूस म्हणतो माल खराब निघाला.

सुईला फक्त जागेवरचं क्षेत्र कळतं हे पक्कं झालं की पन्हाळ्याचं कोडं सुटतं. तिथला काळा कातळ बसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट या लोखंडाच्या चुंबकीय खनिजाचे कण असतात. लाव्हा थंड होताना साधारण ५८० अंशांच्या खाली आला की त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा त्या कणांत पक्की होते. (सह्याद्रीच्या कित्येक थरांत ती दिशा आजच्या उलटी आहे, कारण ते थर जमले तेव्हा पृथ्वीचे ध्रुवच उलटे होते, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) एरवी याचा सुईवर फारसा फरक पडत नाही, पण उघड्या डोंगरमाथ्यावर वीज कोसळते तेव्हा तो प्रचंड करंट दगडातून जाताना कातळाचा एखादा तुकडा जोरात चुंबकित करून टाकतो, आणि त्या तुकड्याशेजारी सुई बिनधास्त खोटं बोलते. तटाजवळ कुठं तोफ, लोखंडी रेलिंग किंवा गाडी असली तरी तेच.

हे ओळखायची सर्व्हेवाल्यांची जुनी पद्धत आहे. अ या जागेवरून ब कडं बघून कोन घ्या, समजा ४० अंश आला. मग ब वर जाऊन अ कडं बघा, २२० यायला पाहिजे, म्हणजे बरोबर १८० चा फरक. २२० च्या जागी २२९ आला तर दोन्हीपैकी एका ठिकाणी गडबड आहे. कुठं ते शोधायला क ही तिसरी जागा धरा, कातळ आणि लोखंडापासून लांब, आणि तिच्याशी अ व ब दोन्ही ताडून बघा, ज्याचा हिशोब जुळतो तो निर्दोष. यंत्र दगडावर ठेवून वाचू नका, छातीशी धरा, दगडापासून लांब गेलं की त्याचा जोर झपकन कमी होतो. आणि मोबाईलवर बघत असाल तर चुंबकाच्या बटणाचं कव्हर आधी काढा. आपल्याकडं खरी उत्तर आणि सुईची उत्तर यात फरक फार थोडा आहे, त्यामुळं पाच-सात अंशांची चूक दिसली की ती पृथ्वीच्या माथ्यावर मारू नका, दगडाची नाहीतर खिशातल्या किल्ल्यांची असते. परत वर गेलात तर तटाजवळचे दोन्ही कोन लिहून इथंच टाका, कुठली जागा वाईट आहे ते काढू.