एक माणूस, तीन वर्ग

"कोकणात माणशी जमीन ती किती! तुमच्याकडे शेकडो एकरांची शेतं. आम्ही इथं शेती करून काय होणार?" देवगडच्या चुलतभावाचा हा प्रश्न.

मी आयोवात राहतो. अमेरिकेच्या २०२२ च्या कृषी गणनेत एका शेताची सरासरी ४६३ एकर निघाली. आपल्याकडे २०१५-१६ मध्ये देशाची सरासरी १.०८ हेक्टर होती, महाराष्ट्राची १.३४. तफावत खरीच आहे. पण जिल्ह्याची सरासरी वाचण्याआधी ती कशी तयार होते ते पाहायला हवं.

आपल्या कृषी गणनेत १ हेक्टरच्या आतला शेतकरी अत्यल्पभूधारक, २ पर्यंत अल्प, ४ पर्यंत निम-मध्यम, १० पर्यंत मध्यम आणि त्यापुढचा मोठा. मोजायचा असतो तो कसणारा, मग मालकी कुणाचीही असो. महाराष्ट्रात मात्र ही माहिती मुख्यतः तलाठ्याच्या दप्तरातून गोळा होते आणि घोळ तिथेच होतो.

आमचंच उदाहरण घ्या. सामाईक सातबारा १ हेक्टर ८० आर, त्यात भातखाचर जेमतेम ३० आर, बाकी वरकस आणि काजू. सहा हिस्सेदार, पाच मुंबईला. आमचे तलाठी म्हणून निवृत्त झालेले मामा सांगतात, "सामाईक खातं एकच धरतात. म्हणजे तुमचं घर अल्पभूधारक." उद्या फोड झाली तर ३० आरची सहा खाती होतील, सगळीच अत्यल्प. जिल्ह्याची सरासरी खाली येईल, पण बांध एकही हलणार नाही. कसणारा तोच एक भाऊ. शिवाय तो शेजारच्या गैरहजर मालकाची ७० आर तोंडी बोलीवर करतो. प्रत्यक्षात त्याच्या नांगराखाली अडीच हेक्टर जमीन, म्हणजे तो निम-मध्यम. कागदावर त्या ७० आरशी त्याचा संबंधच नाही.

भाऊ म्हणतो, "तुकडे झाले म्हणून शेती बुडाली." हे अर्धंच खरं. तुकडे झालेच, पण पडीक राहिलेली खाचरं खंडाने द्यायला मालक घाबरतो, हे त्याहून मोठं कारण आहे. कूळ म्हणून कसणाराच जमिनीचा मालक झाला, त्या १९४८ च्या कूळकायद्याची आठवण गावात अजून ताजी आहे. आयोवात निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने कसली जाते, बहुधा लेखी करारावर. त्या कराराने कुणी मालक होत नाही, म्हणून देणारा निर्धास्त असतो. आयोवाची शेतं मोठी होण्यात या खंडाचाही वाटा आहे.

काकींनी मध्येच विचारलं, "मग माझे सरकारचे दोन हजार बंद होतील का?" ती योजना निराळी, या वर्गांवर चालत नाही, असं मामांनी समजावलं.

माझ्या मते कोकणात पाच वर्गांच्या तक्त्याशेजारी दोन आकडे ठळक छापावेत: सामाईक खाती किती, आणि खातेदारांपैकी गावात राहून कसणारे किती. भावाला लेखी खंडपट्टाच हवा आहे. मुंबईची आत्या म्हणते, "लिहून दिलं आणि कूळ लागलं तर?" मामांनाही तिला शब्द देता आला नाही.