भाव आधी, आंबा नंतर

घरच्या बागेतला हापूस ओळखीपाळखीत विकणाऱ्या माणसाला सर्वाधिक येणारा संदेश एका शब्दाचा असतो आणि तो शब्द म्हणजे "किती?". त्याच्या मागेपुढे नाव नसते, गाव नसते, वस्तूचा तर मागमूसही नसतो. काही शिष्ट मंडळी "प्राइस प्लीज" असे लिहितात, पण त्यातल्या सौजन्याने माझ्या माहितीत काडीचीही भर पडत नाही.

आमची बाग देवगड तालुक्यात आहे. हंगामात मी व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर आंब्याबरोबरच कोकम आगळ, आमसुले, फणसपोळी आणि कुळथाचे पीठ यांचीही छायाचित्रे लावतो. पाहणाऱ्याने त्या छायाचित्राखालीच उत्तर लिहिले तर ते छायाचित्र संदेशाला चिकटून येते आणि प्रश्न कशाचा आहे हे मला कळते. परंतु बहुतेक मंडळी सकाळी चहाबरोबर स्टेटस पाहतात, दिवसभर मनात घोळवतात आणि रात्री जेवणानंतर कोऱ्या जागेत "किती?" असे लिहून मोकळी होतात. तोपर्यंत त्यांच्या मनात वस्तू इतकी पक्की झालेली असते की, ती मलाही दिसतच असणार, अशी त्यांची खात्री असते.

बरे, आंबाच हवा आहे असे गृहीत धरले, तरी उत्तर देता येत नाही. आंबा उतरवल्यावर आम्ही वजनाप्रमाणे त्याची निवड करतो. तीनशे ग्रॅमचे फळ वेगळे, अडीचशेचे वेगळे आणि दोनशेचे वेगळे. लाकडी पेटी बाहेरून सारखीच दिसत असली, तरी मोठ्या फळाची चार डझनांत भरते आणि लहान फळाची सात डझनही पोटात घेते, त्यामुळे "पेटी कितीला?" हा प्रश्न गावाचे नाव न सांगता घराची किंमत विचारण्यासारखा आहे. शिवाय पाडव्याचा भाव अक्षय्य तृतीयेपर्यंत टिकत नाही, अक्षय्य तृतीयेचा मेच्या मध्याला टिकत नाही आणि घरपोच हवा असेल तर वाहतूक निराळी. मोठे फळ नेहमीच सरस, हा समजही मला दर वर्षी खोडावा लागतो, कारण बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळाच्या आत साका निघण्याचा धोका मोठ्या फळातच अधिक असतो.

सरळमार्गी माणूस अशा वेळी "कशाचे?" असे विचारील. मीही विचारत असे. त्यावर निम्मे लोक गप्प होतात आणि उरलेल्यांना मी भाव लपवतो आहे असा संशय येतो. म्हणून मी सगळ्या आकारांचे, सगळ्या वस्तूंचे सविस्तर दरपत्रक पाठवून पाहिले. ते वाचल्याची निळी खूण उमटते आणि पाठोपाठ उत्तर येते, "यातला चांगला कितीला?"

अखेर माझ्या लक्षात आले की, आपल्याकडे प्रश्नाला उत्तर देण्याचा लोकांना कंटाळा असतो, पण दुसऱ्याचे म्हणणे दुरुस्त करण्याचा मुळीच नसतो. तेव्हापासून मी काहीही न विचारता एक पूर्ण विधान पाठवतो: "अडीचशे ग्रॅमचा हापूस, चौदा आणे तयार पण कच्चा, डझनाला ९०० रुपये, पुण्यात घरपोच." आकार मुद्दाम मधला घेतो, कारण मोठ्याचा भाव ऐकून माणूस पळतो आणि लहानाचा सांगितला तर तोच भाव धरून मोठे फळ मागतो.

परवा एका काकूंना हेच पाठवले आणि क्षणात उत्तर आले, "आम्ही पुण्यात नाही, ठाण्याला असतो." पाठोपाठ, "कच्चा नको, रविवारी व्याही येणार आहेत." त्यानंतर, "दोनच डझन, घरात खाणारी माणसे तीन." जे तीन प्रश्न विचारून मला मिळाले नसते ते न विचारता मिळाले. पेंढ्याच्या आढीत कच्च्या आंब्याला पिकायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून त्यांना आधीच्या तोडीतले, रंग धरू लागलेले आंबे दिले आणि वाहतुकीसह भाव कळवला. त्यांनी बिनतक्रार पैसे पाठवले.

तीन आठवड्यांनी त्यांच्या नणंदेचा संदेश आला, "मलाही तेवढ्यालाच द्या." तोवर मेचा मध्य उलटला होता, भाव उतरला होता, म्हणून मी प्रामाणिकपणे डझनाला दोनशे रुपये कमी सांगितले. त्यावर बराच वेळ शांतता होती. मग विचारणा झाली, "वहिनीला दिलेला आंबा संपला का?"