‘आज’ने संपणारे फ्रेंच शब्द आणि त्यांचे अपवाद : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : “शेवटी ‘आज’ असा उच्चार असलेले फ्रेंच शब्द पुल्लिंगी असतात, असे आपण लिहिले आहे. मग पाज (पान), प्लाज (समुद्रकिनारा), इमाज (चित्र) आणि काज (पिंजरा) हे पहिल्याच वर्षी भेटणारे शब्द स्त्रीलिंगी कसे? इतके अपवाद असतील तर त्याला नियम का म्हणायचे? प्रत्येक शब्द पुल्लिंगी ‘ल’ किंवा स्त्रीलिंगी ‘ला’ हे उपपद लावून पाठ करा, एवढे सांगितले असते तर पुरले असते.”

उत्तर :

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपण दिलेले चारही शब्द स्त्रीलिंगी आहेत, आणि त्यांत राज (संताप) व नाज (पोहणे) हे आणखी दोन घालता येतील. वनस्पतिशास्त्रातली किंवा अलंकारशास्त्रातली काही दुर्मीळ नावे सोडली, तर विद्यार्थ्याला भेटणारी यादी या सहा शब्दांवर जवळजवळ संपते. मात्र या सहा शब्दांत समान काय आहे, हा प्रश्न मला त्यांच्या संख्येपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या उत्तरात नियमाची खरी व्याप्ती दडलेली आहे.

ए-जी-ई या तीन अक्षरांनी लिहिला जाणारा ‘आज’ हा मुळात एक प्रत्यय आहे. तो लॅटिनमधल्या ‘-आटिकुम’ या नपुंसकलिंगी रूपावरून आला. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग उरले नाही आणि असे शब्द सामान्यतः पुल्लिंगात गेले. प्रवासाची शिदोरी या अर्थाच्या ‘व्हिआटिकुम’पासून व्वायाज (प्रवास) झाला आणि साच्यात घालून आकार दिलेले या अर्थाच्या ‘फोर्माटिकुम’पासून फ्रोमाज (चीज) झाले. हा प्रत्यय इतका बलवान आहे की मूळ शब्द स्त्रीलिंगी असला तरी तो त्याला पुल्लिंगात ओढतो. ‘ला व्हिल’ म्हणजे शहर, पण ‘ल व्हिलाज’ म्हणजे खेडे. ‘ला प्ल्युम’ म्हणजे पीस, पण ‘ल प्ल्युमाज’ म्हणजे पिसारा. अलीकडच्या काळात घडवलेल्या शब्दांनाही तोच न्याय लागतो. ‘ला व्वात्यूर’ (मोटार) या स्त्रीलिंगी शब्दावरून एकाच गाडीतून अनेकांनी मिळून जाण्यासाठी जो शब्द बनला, तो ‘ल कोव्वात्युराज’ पुल्लिंगीच आहे.

आता आपले अपवाद पाहू. पाज हा लॅटिन ‘पागिना’पासून, इमाज ‘इमागो’पासून, काज ‘काव्हेआ’पासून आणि राज ‘राबिएस’पासून आला, ही चारही लॅटिन नामे स्त्रीलिंगी होती. प्लाज हा इटालियनमधून घेतलेला शब्द आहे, तर नाज हे ‘नाजे’ (पोहणे) या क्रियापदावरून झालेले नाम आहे. यांपैकी एकाही शब्दात तो प्रत्यय नाही. ध्वनी झिजत झिजत शेवट योगायोगाने सारखा झाला, एवढेच. मराठी भाषकाला हे अपरिचित वाटू नये. नदी, भाकरी, खुर्ची यांच्या ओळीत पाणी, लोणी आणि दही बसत नाहीत, कारण पानीय, नवनीत आणि दधि या नपुंसकलिंगी संस्कृत शब्दांपासून ते आले आहेत आणि त्यांच्या शेवटच्या ‘ई’चा स्त्रीलिंगी प्रत्ययाशी संबंध नाही.

लॅटिन न येणाऱ्या विद्यार्थ्याने हे कसे ओळखावे, असे आपण विचाराल. शेवटचा ‘आज’ झाकून काय उरते ते पाहावे. व्हिलाजमध्ये व्हिल उरते, प्ल्युमाजमध्ये प्ल्युम उरते. पाज, काज, राज, नाज, प्लाज यांत मात्र एखाददुसरे व्यंजन उरते, ज्याला स्वतःचा अर्थ नाही. आपल्या सहा शब्दांपैकी पाच उच्चारात एका अवयवाचे, म्हणजे एकाच स्वराचे, आहेत, इमाज तेवढा दोन अवयवांचा. म्हणून माझा व्यवहार असा : शब्द लांब असेल तर निर्धास्तपणे पुल्लिंगी मानावा, एका अवयवाचा असेल तर शब्दकोश उघडावा. उलट अंदाज मात्र करू नये, कारण ‘आज’ (वय) आणि ‘गाज’ (तारण) हे आखूड असूनही पुल्लिंगी आहेत. शिवाय ‘ला पाज’ म्हणजे पुस्तकाचे पान, तर ‘ल पाज’ म्हणजे राजदरबारातला सेवक मुलगा.

व्युत्पत्तीवर फार विसंबू नये, हेही सांगतो. कार्तिलाज (कूर्चा) हा शब्द इमाजसारखाच लॅटिनमधल्या स्त्रीलिंगी नामापासून आला आहे, तरी फ्रेंचमध्ये तो पुल्लिंगी आहे. मूळ लिंगापेक्षा शेवटचा ध्वनी इथे बलवत्तर ठरला, असे मला वाटते. नियमाच्या बाजूने याहून चांगली साक्ष मला ठाऊक नाही.

हीच कसोटी इतर शेवटांनाही लागते. ई-ए-यू असे लिहून ‘ओ’ उच्चारले जाणारे शातो (किल्ला), गातो (केक), मांतो (कोट) हे शब्द पुल्लिंगी आहेत. ‘ओ’ (पाणी) आणि ‘पो’ (कातडी) स्त्रीलिंगी आहेत, आणि या दोन्हींत प्रत्यय नाही, शेवटचा ‘ओ’ त्या शब्दांचा अंगभूत भाग आहे. ‘सिओं’ने संपणारे नासिओं (राष्ट्र), स्तासिओं (स्थानक) यांसारखे शब्द स्त्रीलिंगी असतात, मात्र तिथे नियम टी-आय-ओ-एन या चार अक्षरांचा आहे, शेवटच्या तीन अक्षरांचा नव्हे. ती टी नसलेले आव्हिओं (विमान) आणि कामिओं (ट्रक) पुल्लिंगी आहेत. यांपैकी पहिला शब्द तर फ्रेंच अभियंते क्लेमां आदेर यांनी पक्षी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून घडवला. बास्तिओं (बुरूज) हा तेवढा टी असूनही पुल्लिंगी असलेला शब्द लक्षात ठेवावा लागतो.

जिथे ही कसोटी खरोखर थकते, तो शेवट म्हणजे ई-यू-आर. तिथे अर्थ पाहावा लागतो. माणूस किंवा यंत्र असेल तर पुल्लिंग, उदाहरणार्थ वांदर (विक्रेता) आणि ओर्दिनातर (संगणक). गुण, भावना किंवा संवेदना असेल तर बहुधा स्त्रीलिंग, जसे शालर (उष्णता) आणि दुलर (वेदना). बोनर (सुख), मालर (दुर्दैव) आणि ओनर (सन्मान) हे भाववाचक असूनही पुल्लिंगी आहेत. हा नियम मी ‘आज’च्या नियमाइतक्या विश्वासाने शिकवत नाही.

राहिला ‘ल’ किंवा ‘ला’ लावून पाठ करण्याचा आपला सल्ला. आखूड शब्दांसाठी तो मलाही मान्य आहे, पण स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांत तो निरुपयोगी ठरतो. तिथे ‘ल’ आणि ‘ला’ दोन्ही आखडून नुसते ‘ल्’ होतात, त्यामुळे लिमाज (चित्र) आणि लोराज (वादळ) ऐकून कोणता शब्द कोणत्या लिंगाचा हे कळतच नाही. असे शब्द वहीत ‘यून इमाज’ आणि ‘अं ओराज’ असे, म्हणजे ‘एक’ या अर्थाचे उपपद लावून लिहावेत. यांतला ओराज मात्र पाठ न करताही ओळखता येतो, कारण वाऱ्याच्या झुळकीसाठी जुन्या फ्रेंचमध्ये असलेल्या ‘ओर’ या शब्दाला तोच प्रत्यय जोडून तो झाला आहे.