नाचणीतले कॅल्शियम आणि एका वाचकांची प्रतिक्रिया

नाचणी, तीळ आणि पालेभाज्या यांतल्या कॅल्शियमवर मी एक लेख लिहिला होता. त्यावर एका वाचकांनी कळवले:

"लेख वाचून हसू आले. तक्त्यातले आकडे उतरवून काढले म्हणजे आहारशास्त्र कळते असे नाही. नाचणी, तीळ, पालेभाज्या यांतले कॅल्शियम अंगी लागतच नाही, ऑक्झलेट आणि फायटेट ते अडवतात. लोकांना दूध प्यायला सांगा."

आपल्याला हसू आले हे वाचून बरे वाटले, कारण पुण्यात फुकटचा विनोद हल्ली दुर्मीळ आहे. विद्यार्थ्यांना आहारशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. तेव्हा आकडे उतरवून काढल्याचा आरोप निदान लेख शेवटपर्यंत वाचून तरी करायला हवा होता. लेखावर पालकाचे छायाचित्र नको होते, एवढे मात्र मान्य.

आता तो "लागतच नाही" मधला "च" पाहू. पालकापुरता तो जवळजवळ खरा आहे. पालकातले ऑक्झलेट पानातच कॅल्शियमला धरून बसते आणि तो क्षार आतड्यात फारसा विरघळत नाही. कॅल्शियमचे संशोधक रॉबर्ट हीनी यांच्या 1988 च्या प्रयोगात पालकातले सुमारे 5 टक्केच कॅल्शियम शोषले गेले, तर दुधातले सुमारे 28 टक्के. म्हणजे शंभर ग्रॅम पालकात शंभर मिलिग्रॅम धरले, तरी हाती येतात पाच. पण हीनी आणि कॉनी वीव्हर यांनीच 1990 मध्ये केलची पाने तपासली, तेव्हा शोषण 41 टक्के निघाले, त्याच प्रयोगातल्या दुधापेक्षा जास्त. केल कोबीच्या कुळातली, आणि मुळा व मोहरीही त्याच कुळातल्या. मंडईत मुळ्याचा पाला मुळा घेताना आपण तिथेच टाकून येतो. त्यात शंभर ग्रॅमला दोनशेहून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेव्हा "पालेभाज्या" असा एकच शब्द वापरून सर्वांना एका दावणीला बांधणे हे शास्त्र नव्हे, घाई आहे.

नाचणीत अडचण मुख्यतः फायटेटची, म्हणजे दाण्यातल्या कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या द्रव्याची आहे, आणि ती कमी करता येते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीत पावणेदोनशेच्या आसपास. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की दाण्यातलेच फायटेज हे विकर फायटेट तोडू लागते. आंबिलीतही पीठ आंबताना फायटेट कमी होते. ते पूर्ण जात नाही, हेही मी लेखात लिहिले होते. उलट सत्व करताना मोडाची नाचणी वाटून कापडातून गाळली की कोंडा मागे राहतो, आणि नाचणीचे बरेचसे कॅल्शियम सालातच असते. तो चोथा कचरा म्हणून फेकला, की ते कॅल्शियमही त्याच्याबरोबर गेले.

तिळाबद्दल आपण एक शब्दही पुराव्यादाखल दिला नाही, म्हणून इतकेच सांगतो: सालासकट तिळाचा आकडा मोठा दिसतो, पण सालातले बरेच कॅल्शियम ऑक्झलेटच्या रूपात असते, आणि पॉलिशच्या तिळात मुळात कॅल्शियमच थोडे उरते.

राहिले दूध. ते मला पचत नाही, आणि माझ्यासारखे लोक याच शहरात पुष्कळ आहेत. लेख त्यांच्यासाठी होता.