बोहल्यावर चढण्याआधी कराचे टप्पे पाहा

लग्न करायचं म्हणताय? करा की. स्वभाव जुळतात का, हे पुढे आयुष्यभर बघता येईल. आधी दोघांचं उत्पन्न विचारून घ्या आणि ते दोघांत कसं विभागलं आहे, हे कागदावर मांडा. करशास्त्राने तुम्हाला दोन वचनं दिली आहेत. पहिलं, समानांवर समान कर. याला पुस्तकात क्षैतिज समता म्हणतात, आपण आडवा न्याय म्हणू. दुसरं, ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त भार उचलावा. ही ऊर्ध्व समता, म्हणजे उभा न्याय. दोन्ही वचनं इतकी सोज्वळ आहेत की त्यांच्यावर कोणी भांडत नाही. भांडण पेटतं ते ‘समान म्हणजे कोण?’ असं कोणी विचारलं की. तुम्ही ते विचारू नका. त्या प्रश्नाचं आपल्या सोयीचं उत्तर तेवढं धरून ठेवा.

उदाहरण घेऊ. हिशेब नुसत्या नाण्यांत करू, म्हणजे कोणत्याच सरकारला आपलं नाव घेतलं असं वाटणार नाही. पहिल्या ३०० नाण्यांवर कर नाही. ३०० ते ६०० वर २० टक्के. त्यापुढे ३० टक्के. उभ्या न्यायाला शोभतील असे चढते टप्पे आहेत. आता शेजारी राहणारी दोन जोडपी घ्या. पहिल्या घरात एकटा नवरा कमावतो, १००० नाणी. दुसऱ्या घरात दोघंही कमावतात, ५०० आणि ५००. दोन्ही घरांत येतात हजारच.

कर माणशी लावला, तर पहिल्या घराला १८० नाणी भरावी लागतात. दुसऱ्या घरात प्रत्येकी ४०, म्हणजे मिळून ८०. पहिल्या घरात राहत असाल तर आडव्या न्यायाच्या नावाने गळा काढा. घर तेवढंच, उत्पन्न तेवढंच आणि कर दुपटीहून जास्त!

तुमचं ऐकून सरकारने दोघांचं उत्पन्न एकत्र करून त्याच टप्प्यांत बसवलं, की दोन्ही घरांना १८०. झाली समता. फक्त दुसऱ्या जोडप्याने लग्न न करता एकत्र राहायचं ठरवलं असतं, तर त्यांचे ८० च गेले असते. सहीशिक्क्याचे दर वर्षी १०० नाणी! अशा वेळी दुसऱ्या घराने काय करावं, हे मी सांगायला नको.

मग तिसरा उपाय करून पाहा. घराचं उत्पन्न एकत्र करा, दोन समान भाग करा, प्रत्येक भागावर कर काढा आणि तो दुप्पट करा. आता दोन्ही घरांना ८०. सगळे खूश. एकटा राहणारा हजारवाला मात्र १८० भरत बसतो. त्याने न कमावणाऱ्या कोणाशी नोंदणी केली, की त्याच संध्याकाळी १०० नाणी वाचली.

अमेरिकेत हा खेळ पूर्ण रंगला. तिथल्या काही राज्यांत नवराबायकोच्या कमाईवर कायद्याने दोघांचा निम्मा निम्मा हक्क असे. १९३० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांना निम्मं निम्मं उत्पन्न दाखवू दिलं. बाकीच्या राज्यांतल्या लोकांचा कर मात्र तसाच राहिला. मग काही राज्यांनी कर वाचावा म्हणून चक्क मालमत्तेचे कायदे बदलले. शेवटी १९४८ मध्ये साऱ्या देशाला दोन भागांची सवलत मिळाली. लगेच अविवाहितांनी तक्रार सुरू केली. १९६९ च्या कायद्याने त्यांच्यासाठी वेगळे, सौम्य दर आले, आणि दोघंही कमावणाऱ्या जोडप्यांना लग्न महाग पडू लागलं. एका जोडप्याने १९७५ आणि १९७६ अशी दोन वर्षं वर्षअखेरीला परदेशात जाऊन घटस्फोट घेतला आणि नव्या वर्षात पुन्हा लग्न केलं. कारण वर्षाच्या शेवटच्या दिवशी जी स्थिती, तीच वर्षभराची धरायची, असा नियम. कर न्यायालयाने तो घटस्फोट मानला नाही. पण कल्पकतेला दाद द्यायला हवी.

तेव्हा लक्षात ठेवा. चढते टप्पे, समान घरांना समान कर आणि लग्न करा वा करू नका, कराला फरक नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. कोणत्याही दोन घ्या, तिसरी हातची जाते. हे गणित आहे, त्यात कोणत्याही पक्षाचा दोष नाही. आपल्याला फायद्याच्या दोन गोष्टींना न्याय म्हणावं आणि तिसरीला तांत्रिक अडचण. ब्रिटनने १९९० पासून माणशी कर धरला. जर्मनी १९५८ पासून दोन भाग करते. दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं, आणि आपापल्या दोन गोष्टींपुरतं ते आहेही.

आता कोणी शहाणा म्हणेल, ही दोन घरं समान होतीच कुठे? त्याला गप्प करणं अवघड आहे, म्हणून आधीच सावध करतो. पहिल्या घरात बायको दिवसभर स्वयंपाक करते, मुलं सांभाळते, आजाऱ्याचं पथ्यपाणी बघते. या श्रमाला किंमत आहे, पण पावती नाही, म्हणून त्यावर कर नाही. दुसऱ्या घरात दोघंही बाहेर. मुलाला सांभाळायला समजा १५० नाणी जातात, तीही कर भरून उरलेल्यातून. म्हणजे कागदावर हजार नि हजार सारखे, पण पहिलं घर खऱ्या अर्थाने सधन. याच मापाने पाहिलं तर ८० आणि १८० हा फरक काही अगदी वेडगळ नव्हता. हे पहिल्या घरासमोर मोठ्याने बोलू नका. ‘ती घरीच असते, काही करत नाही’ या समजुतीवर तिथलं सगळं गाऱ्हाणं उभं आहे.

आणि त्या घरातल्या बाईने २०० नाण्यांची नोकरी धरायची म्हटली तर? माणशी करात तिला एक नाणंही भरावं लागलं नसतं, ती तीनशेच्या आतच आहे. दोन भागांच्या पद्धतीत घराचं उत्पन्न बाराशे होतं, कर ८० वरून १२० वर जातो. तिच्या पहिल्याच नाण्याला २० टक्के लागले. तिला समजवा की हा तिच्यावरचा कर नाही, कुटुंबाचं ऐक्य आहे.

एक पळवाट आहे. सगळ्या नाण्यांवर एकच दर, समजा २५ टक्के, आणि प्रत्येक माणसाला सरकारकडून १०० नाणी परत. दोन्ही घरं ५० भरतील, लग्नाआधीही आणि नंतरही. उभा न्यायही पूर्णपणे मरत नाही. ३०० कमावणाऱ्या एकट्याच्या हातात उलट २५ पडतात, हजारवाला १५ टक्के भरतो आणि दहा हजारवाला २४. फक्त त्यापुढे कोणी कितीही कमावलं तरी पंचवीसच्या वर जात नाही. शिवाय काहीच न कमावणाऱ्याच्या हातात शंभर नाणी रोख ठेवावी लागतात. चढत्या टप्प्यांचे कैवारी पहिल्या कलमावर बिथरतात, बाकीचे दुसऱ्यावर. त्यामुळे ही पळवाट कुणी आणेल, याची काळजी करू नका.

तर आता मुहूर्ताचं बघा. उत्पन्न सारखं असेल आणि कर एकत्र लागत असेल, तर वर्ष संपू द्या, दुसऱ्या दिवशी सह्या करा. एकाचंच उत्पन्न असेल आणि दोन भाग होत असतील, तर वर्षाच्या शेवटच्या दिवशी कचेरी किती वाजता बंद होते ते आधी विचारून ठेवा.